पोस्टकार्डावरचा तेरावा महिना

श्रोतेहो, आज मी आपल्याला एका म्हणीची आणि एका पोस्टकार्डाची हकीगत सांगणार आहे. पण त्याआधी माझी स्वतःची एक फजिती सांगून टाकतो, म्हणजे या विषयाकडे मी कसा वळलो ते आपल्या ध्यानात येईल.

मी कॉलेजात शिकत असताना वसतिगृहात राहत होतो. एकदा फी भरायची वेळ आली आणि घरून पैसे यायला उशीर झाला. मामांना पत्र लिहावे असे ठरवले. मामा शेतकरी माणूस, हात मोकळा. पण नुसते ‘पैसे पाठवा’ असे लिहायला जीव धजेना. मराठीचा विद्यार्थी असल्याची ऐट अंगात होतीच. तेव्हा मी मोठ्या ऐटीत लिहिले, ‘मामा, म्हणतात ना, अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी माझी अवस्था झाली आहे.’ पत्र पेटीत टाकले आणि झोपी गेलो. आठवड्याने तीनशे रुपयांची मनीऑर्डर आली. मनीऑर्डरीच्या फॉर्माला खाली एक चिठोरी असे, तिच्यावर पैसे पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. त्या चिठोरीवर मामांनी लिहिले होते, ‘हरीस गाढवाचा आशीर्वाद. पैसे पोचल्याचे कळव.’

ते वाचून माझे कान तापले. मी स्वतःची अडचण सांगायला म्हण वापरली होती. पण म्हणीत नुसती अडचण नसते, पात्रेही असतात. मी हरी झालो, तर गाढव कोण, हा प्रश्न पत्र लिहिताना मला पडलाच नव्हता. मामांना तो पहिल्याच ओळीला पडला. म्हण पत्रात घालायची तर ती कशी घालायची, हे त्या दिवसापासून मी जुन्या पत्रांत शोधत आलो आहे.

जुन्या मराठी पत्राला ठरीव घाट असे. आरंभी मायना, नाते व मान पाहून तीर्थरूप किंवा चिरंजीव किंवा राजश्री, मग नमस्कार वा आशीर्वाद, मग इकडचे क्षेम सांगून तिकडचे क्षेम विचारायचे, त्यानंतर मजकूर, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून हात आखडता घ्यायचा. कारकून ते मोडी लिपीत झरझर लिहीत. मायना आणि शेवट हे जणू घराचे उंबरे. ते कुणाचेही असले तरी सारखेच दिसतात. माणूस दिसतो तो मधल्या मजकुरात, आणि रोजच्या बोलण्यातली भाषा येते तीही तिथेच. म्हणून जुन्या पत्रांतला जिवंत भाग शोधायचा तर क्षेमकुशल संपते त्या जागेपासून पुढे वाचावे.

याचे एक मोठे उदाहरण पानिपतच्या वेळचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. तेव्हा नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. ग्रँट डफ याने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात ही हकीगत दिली आहे. नर्मदा ओलांडत असताना पेशव्यांच्या फौजेला सावकारांचा एक कासीद, म्हणजे पत्रे पोचवणारा जासूद, भेटला. तो पानिपताहून औरंगाबादेला नऊ दिवसांत पोचण्याच्या बोलीवर निघालेला होता. पेशव्यांनी त्याच्याजवळचे पत्र फोडून पाहिले. त्यात लढाई नाही, मृत्यू नाही, रणांगण नाही. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपे-तांबे किती गेले त्याची मोजदाद होत नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपे-तांबे म्हणजे शिपाई व बुणगे. पेशव्यांना ते उलगडून सांगायला कोणी लागले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले.

आता हे वाक्य काही म्हण नव्हे. सावकाराला बातमी झाकायची होती, हेही खरे. पण त्यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, त्याने बोलणे उसने आणले नाही. मोती, मोहर, रुपया, खुर्दा ही त्याच्या पेढीवरची रोजची भाषा. दुःख त्याने तिच्यातच सांगितले. दुसरी, त्याने त्यावर भाष्य केले नाही. ‘बघा, नशिबाचा खेळ कसा असतो’ असे एखादे शहाणपण शेवटी जोडले असते तर ते पत्र आज कुणाच्या लक्षात राहिले नसते. अर्थ लावण्याचे काम त्याने वाचणाऱ्यावर सोपवले. पुढे त्या लढाईचेच नाव मराठीत वाक्प्रचार झाले. आजही एखाद्याचा धुव्वा उडाला की आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो.

पण श्रोतेहो, कासिदाच्या हाती पत्र देणे हे सरदार-सावकारांचे काम होते. गरिबाच्या घरी पत्र आले ते टपालाने, आणि खऱ्या अर्थाने आले ते पोस्टकार्डाने. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली निघाले. किंमत पाव आणा. पुढच्याच वर्षी टपाल खात्याने मनीऑर्डरीचे काम हाती घेतले. त्याच सुमारास मुंबईत गिरण्या वाढत होत्या आणि कोकणातले, देशावरचे लोक तिकडे जात होते. मुलगा मुंबईला, आईबाप गावी. मध्ये एक कार्ड आणि एक मनीऑर्डर. अनेकांना लिहिता येत नसे. ते मास्तरांकडे किंवा पोस्टमनकडे जात आणि पत्र तोंडी सांगत. आता विचार करा, कार्डावर जागा ती किती? शिवाय कार्ड उघडे. वाटेत कुणीही वाचावे. घरातली अडचण चारचौघांत उघडी पडू नये, पण मुलाला ती कळावी, असे दोन्ही साधायचे. अशा ठिकाणी म्हण कामाला येते, कारण ती थोड्या जागेत मावते आणि जेवढे झाकायचे तेवढे झाकते.

मात्र सगळ्याच म्हणी हे काम करत नाहीत. मराठी म्हणींची मोठी संग्रहपुस्तके आहेत. मॅन्वेरिंग नावाच्या मिशनऱ्याने १८९९ साली मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासह छापल्या. पुढे दाते आणि कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ तयार केला. कुठलाही संग्रह घेऊन बसलात तर दोन जातींच्या म्हणी सहज वेगळ्या करता येतात. काही म्हणींच्या शेवटी आज्ञा असते: अंथरूण पाहून पाय पसरावे, ऐकावे जनाचे करावे मनाचे. ‘पसरावे’, ‘करावे’ हे त्यांचे क्रियापद. या म्हणी बोट दाखवतात, आणि ते बोट वाचणाऱ्याकडे असते. दुसऱ्या जातीच्या म्हणीत आज्ञा नसते, नुसते चित्र असते: आगीतून फुफाट्यात, नाव मोठे लक्षण खोटे, दुष्काळात तेरावा महिना. यांत कुणी कुणाला काही करायला सांगत नाही. जे घडले ते असे आहे, एवढेच त्या सांगतात. पहिल्या जातीची म्हण पत्रात आली की लिहिणारा पाटावर बसतो आणि वाचणारा खाली. दुसऱ्या जातीची आली तर दोघे एकाच चटईवर बसून समोरच्या गोष्टीकडे पाहतात.

आता ज्या म्हणीची हकीगत सांगायची, तिच्याकडे वळू. ‘दुष्काळात तेरावा महिना’ आपण सर्रास वापरतो. पण तेराव्या महिन्याने दुष्काळात नेमके काय बिघडते, असे विचारले तर बरेच जण अडखळतात.

आपले महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते. ऋतू मात्र सूर्यावर चालतात आणि ते वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती साठत गेली तर दिवाळी पावसाळ्यात येईल आणि पाडवा थंडीत. म्हणून सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्त धरतात. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक मास. त्यालाच आपण धोंड्याचा महिना म्हणतो.

आता कुणी म्हणेल, पाऊस तर सूर्याच्या नक्षत्रांवर पडतो. मृग लागतो तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, अधिक मास असो वा नसो. मग शेतकऱ्याला तेरावा महिना जाचतो कुठे? शंका बरोबर आहे. पेरणी आणि कापणी त्याने लांबत नाही. जाचतो तो तिथे, जिथे हिशेब तिथीने चालतो. सालगडी पाडव्याला राहतो आणि पाडव्यालाच त्याचे साल संपते. त्याचे धान्य आणि पैसे ठरतात ते सालाचे, महिन्याचे नव्हेत. अधिक मास आला की तेवढ्याच दाण्यांवर त्याला बाराऐवजी तेरा महिने राबावे लागते आणि त्याच्या घरच्यांना तेरा महिने खावे लागते. त्यात धोंड्याचे वाण आलेच. जावयाला बोलवायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. एरवी हौसेने करायच्या गोष्टी. पण कणगीचा तळ दिसत असताना तेहतीस अनारशांचे तांदूळ आणि गूळ कुठून आणायचे? म्हणजे या म्हणीत नुसते ‘संकटावर संकट’ नाही. दिवस वाढतात, खाणारी तोंडे तेवढीच राहतात, आणि दाणे वाढत नाहीत, हा हिशेब तिच्यात आहे.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी सोसलेल्या आहेत, धाकट्यांनी ऐकलेल्या आहेत. त्या वर्षी ही म्हण अक्षरशः खरी झाली होती, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्या साली अधिक वैशाख आला होता, १४ एप्रिलपासून १३ मेपर्यंत. पाडवा १६ मार्च १९७२ ला झाला, आणि पुढचा पाडवा आला तो ४ एप्रिल १९७३ ला. मोजून पाहा, ३८४ दिवस होतात. आधीच्या वर्षी पाऊस कमी झालेला, या वर्षी तर तो जवळजवळ आलाच नाही. म्हणजे शतकातल्या एका मोठ्या दुष्काळाचे ते साल पंचांगातही तेरा महिन्यांचे होते.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तीत त्या सालची दोन कार्डे आहेत. माझे वडील तेव्हा विशीतले, मुंबईला गिरणीत कामाला. दोन्ही कार्डे त्यांनाच आलेली, दोन्हींवर एप्रिल १९७२ चा शिक्का, आणि दोहोंमध्ये आठ दिवसांचेसुद्धा अंतर नाही. एक माझ्या आजोबांचे, दुसरे आजोबांच्या चुलतभावाचे, त्यांना आम्ही थोरले आबा म्हणत असू.

थोरल्या आबांचे कार्ड आधी सांगतो. अक्षर मोत्यासारखे. आशीर्वादानंतर लगेच म्हणी सुरू होतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे शहरात राहणाऱ्याने विसरू नये. थेंबे थेंबे तळे साचे. गरज सरो वैद्य मरो असे वागू नये. मग ‘सुज्ञांस अधिक सांगणे न लगे’, आणि लोभ असावा. झाले पत्र. वडिलांनी ते दोनदा वाचले आणि बाजूला ठेवून दिले. त्याला उत्तर गेले नाही. पुढे कधीतरी मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, ‘अरे, त्या पत्रात आबाही नव्हते आणि मीही नव्हतो. नुसत्या म्हणी होत्या. मला वाटलं, मी मुंबईत उधळपट्टी करतो असं त्यांच्या कानावर गेलंय आणि ते रागावलेत.’

खरी गोष्ट वेगळीच होती. आबांची विहीर आटली होती आणि बियाण्याला पैसा नव्हता. पुतण्याकडे मागायचे होते, पण चुलत्याने मागायचे कसे? म्हणून त्यांनी काटकसरीच्या म्हणी लिहिल्या. त्यांच्या मनात असे की, पोराने पैसे जपावेत आणि त्यातले थोडे इकडे पाठवावेत. पण कार्डावर उतरले ते फक्त जपण्याचे. ‘गरज सरो’ ही म्हण तर त्यांनी नाते आठवून देण्यासाठी लिहिली होती. वाचणाऱ्याला ती कृतघ्नपणाचा ठपका वाटली. पाऊस तर आलाच नाही. बैलजोडी त्यांनी मिळेल त्या भावाला विकली, आणि घरची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. वडिलांना हे दिवाळीत गावी आल्यावर कळले. आबांनी कधी बोलून दाखवले नाही. पण वडील पुढे आयुष्यभर त्या कार्डाबद्दल हळहळत राहिले.

आता आजोबांचे कार्ड. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. मजकूर साधारण असा आहे. आशीर्वाद लिहून पुढे म्हणतात: ‘विहिरीला तळाचे पाणी आहे, माणसांपुरते पुरते. पाडव्याला गडी ठेवला, त्याचे साल आपल्या नेहमीच्या दाण्यांवर ठरले. त्या वेळी धोंड्याचा महिना माझ्या ध्यानात आला नाही, त्याच्याही आला नाही. आता दुष्काळात तेरावा महिना आहे. त्याच्या घरी चार लेकरे. मी त्याला काही बोललो नाही, त्याने मला काही म्हटले नाही. तुझी आई बरी आहे. तुझ्या तब्येतीचे लिहावे.’

बस, एवढेच. पैशाचे नाव नाही, उपदेशाचा शब्द नाही. म्हण आहे, पण ‘म्हणतात ना’ असा टेकू तिला दिलेला नाही, आणि ‘ही म्हण खोटी नाही’ अशी साक्षही काढलेली नाही. ‘आता दुष्काळात तेरावा महिना आहे’ हे वाक्य म्हण म्हणूनही खरे आणि पंचांगाप्रमाणेही खरे. तिच्या आधी दाण्यांचा हिशेब आहे आणि तिच्यानंतर चार लेकरे आहेत. म्हणजे म्हण दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये बसली आहे, भिंतीतल्या विटेसारखी. शिवाय चूक कुणाची, तर लिहिणाऱ्याची स्वतःची. ‘माझ्या ध्यानात आला नाही’ असे बाप मुलाला लिहितो, तेव्हा मुलाला लाज वाटत नाही. आपण काय करू शकतो, एवढेच तो पाहतो.

वडिलांनी पगार झाल्यावर मनीऑर्डर केली. किती रुपयांची, ते त्यांनी मला सांगितले नाही. चिठोरीवर मात्र काय लिहिले होते ते सांगितले, कारण ती चिठोरी आजोबांनी जपून ठेवली होती: ‘तेराव्या महिन्याचे पाठवले आहे.’ गड्याला एका महिन्याचे दाणे जास्त मिळाले. पाऊस नसल्याने पुढे तेही पुरले नाहीत, आणि तोही अखेर खडीवरच गेला. मे १९७३ मध्ये अशा कामांवर राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. एका म्हणीने आणि एका मनीऑर्डरीने दुष्काळ हटत नाही. पण त्या घराचा एक महिना निभावला, आणि आमच्या घरात एक शब्द रूढ झाला. अवचित मदतीला आम्ही अजून ‘तेराव्या महिन्याचे’ म्हणतो.

ही दोन कार्डे शेजारी ठेवून मी अनेकदा पाहिली. दोघेही भले होते, दोघांच्याही अडचणी खऱ्या होत्या, आणि दोघांनीही म्हणीचा आधार घेतला. फरक कुठे पडला? एक पारख मला सापडली. पत्रातली म्हण बोटाने झाकावी आणि उरलेला मजकूर वाचावा. आजोबांच्या कार्डातली म्हण झाकली तरी गडी, दाणे, लेकरे शिल्लक राहतात. पत्र कळते, फक्त थोडे कोरडे होते. थोरल्या आबांच्या कार्डातल्या म्हणी झाकल्या तर आशीर्वाद आणि लोभ असावा एवढेच उरते. जिथे सांगायची गोष्टच लिहिलेली नसते आणि तिच्या जागी म्हण ठेवलेली असते, तिथे ती उपदेशासारखी ऐकू येते. गोष्ट आधी, म्हण तिच्या ओघात. हा क्रम आजोबांना कुणी शिकवला नव्हता. ते बोलत होते तसे त्यांनी लिहिले.

दुसरी पारख माझ्या फजितीतून आली. म्हणीतली पात्रे मोजावीत आणि प्रत्येकाला नाव द्यावे. हरी कोण, गाढव कोण? वैद्य कोण, गरज कुणाची? वाचणाऱ्याच्या वाट्याला ज्या म्हणीत गाढव किंवा कृतघ्न येतो, ती त्याला लिहू नये, आपल्या मनात तसे नसले तरी. आणि तेराव्या महिन्यात पात्रच नाही. दुष्काळ कुणी आणत नाही आणि अधिक मास कुणी लावत नाही. त्यामुळे त्या म्हणीने कुणाचा अपमान होत नाही. आपल्या जुन्या साठ्यात जातींवर आणि बायकांवर तोंडसुख घेणाऱ्या म्हणी पुष्कळ आहेत. त्यांची पात्रे मोजली की त्या आपोआप बाजूला पडतात; त्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही.

तिसरी गोष्ट जुनाटपणाची. शिक्षकमित्र मला सांगतात की, मुलांना म्हणी पाठ येतात, परीक्षेत अर्थही लिहितात, पण स्वतःच्या पत्रात एकही येत नाही. आणि आली तर ती अवतरणचिन्हांत, पाहुण्यासारखी. याचे कारण असे की, मुलाला म्हण अख्खी दिली जाते आणि अख्खीच परत मागितली जाते. घरातली माणसे बोलताना म्हण क्वचितच अख्खी म्हणतात. ती मोडतात, वाकवतात, अर्धी सोडून देतात. आजोबांनी ‘आहे’ हे क्रियापद लावून म्हणीचे साधे वाक्य केले. वडिलांनी तर दुष्काळ सोडलाच. ‘तेराव्या महिन्याचे’ एवढा तुकडा घेतला. ज्याला अख्खी म्हण ठाऊक आहे त्याला तुकडा पुरतो. आणि तुकडा पुरला म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा एकाच घरचे आहेत हे न सांगता कळते.

आता पोस्टकार्डे क्वचितच येतात. तारा तर जुलै २०१३ मध्ये कायमच्या थांबल्या. पत्राची जागा फोनवरच्या निरोपाने घेतली आहे. पण जागा पुन्हा थोडीच, आणि निरोप पुन्हा घाईचा. २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्या ऑगस्टमध्ये पावसाने अशी दडी मारली की, १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमचा धाकटा चुलतभाऊ गावी शेती करतो, थोरल्या आबांचा नातू. त्याचा एका रात्री मला निरोप आला: ‘दादा, सोयाबीन माना टाकतंय. बोअरला पाणी नाही, ट्रॅक्टरचा हप्ता वीस तारखेला. आणि पंचांगातही तेरावाच चालू आहे.’

त्याने पैसे मागितले नव्हते, आणि मलाही ते दिल्याचा डांगोरा पिटायचा नव्हता. मी वडिलांना तो निरोप वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘ह्याच्या आजोबांना असं लिहिता आलं असतं तर!’ आणि थोड्या वेळाने त्यांनीच मला सांगितले, त्याला काय लिहायचे ते. मी रकमेच्या खाली तेवढेच लिहिले: ‘तेराव्या महिन्याचे. बाबांकडून.’

त्याचे उत्तर लगेच आले. त्यात म्हण नव्हती. ‘पोचले. उद्या सकाळी काकांशी बोलतो,’ एवढेच होते. आणि सकाळी सातला फोन वाजला, तेव्हा वडील आधीपासूनच त्याच्या शेजारी बसलेले होते.